रात्री हेडफोनवर जमलेलं मिक्स सकाळी स्पीकरवर का बिघडतं?

प्रश्न : कुडाळजवळ गावात घरच्याच एका खोलीत डबलबारी भजनं आणि नमनाची गाणी मिक्स करतो. दोन छोटे मॉनिटर, दोन चॅनेलचा इंटरफेस आणि एक क्लोज्ड हेडफोन एवढंच सामान आहे. रात्री हेडफोनवर केलेलं मिक्स सकाळी स्पीकरवर लावलं की पखवाज नुसता गडगडतो. दिवसा स्पीकरवर केलेलं रात्री ऐकलं तर झांज कानात टोचते. व्हॉल्यूम नेमका किती ठेवावा आणि स्पीकर-हेडफोन एकसारखे कसे लावावेत, कोणी अनुभवी सांगेल का?

उत्तर :

तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. पखवाजाचं दुखणं बहुतेक आवाजाच्या पातळीचं आहे, झांजेचं तसं नाही. पातळी जुळवलीत तर पहिली तक्रार जवळजवळ जाईल. दुसरी तशीच राहील, पण का राहते ते कळेल आणि मग ती सांभाळता येईल. मी मालवणात अशाच घरगुती खोलीत बरीच वर्षं भजनांचं काम करतो. हे दोन प्रश्न वेगळे करायला मला फार उशीर झाला. तोपर्यंत मी नवे हेडफोन घेत राहिलो.

आधी पखवाज. आपला कान खालचे सूर सगळ्या पातळ्यांवर सारखे ऐकत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं, आणि आज त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २२६ आहे. त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवा. १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलवरून ८० वर नेला की तो जितका मोठा झाल्यासारखा वाटतो, तितकाच फरक ६३ हर्ट्झच्या सुरात पडायला सुमारे २५ डेसिबलच पुरतात. उलट बाजूने बघा. सगळा आवाज सारख्याच डेसिबलने खाली आणला, तर बुवांचा गळा जेवढा बारीक होतो त्यापेक्षा पखवाजाचा धुमा कितीतरी जास्त बारीक होतो. रात्री घर निजलेलं असतं, बाहेर रातकिड्यांशिवाय आवाज नसतो, म्हणून हेडफोन आपसूक हळू लावला जातो. धुमा कमी ऐकू येतो. तुम्ही फेडर वर करता. सकाळी स्पीकर नेहमीसारखा मोठा लावला की तो वर केलेला फेडर गडगडतो.

म्हणजे गोष्ट सोपी आहे. स्पीकरची एक पातळी ठरवून ती पक्की करायची, आणि हेडफोनची तेवढ्याच मोठेपणाची पातळी शोधून तीही पक्की करायची. खटाटोप आहे तो "तेवढाच मोठेपणा" शोधण्यात.

मोजायला काय वापरायचं

गाणं लावून पातळी मोजता येत नाही, कारण काटा सतत हलतो. त्यासाठी पिंक नॉइज लागतो. धबधब्यासारखा सळसळता आवाज असतो तो, आणि प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असते. मी पूर्ण नॉइज न घेता ५०० ते २००० हर्ट्झ एवढाच पट्टा घेतो. त्याच्या खाली खोली मधे येते. त्याच्या वर कानाची पोकळी आणि हेडफोनचा स्वभाव मधे येतो, कारण ३००० हर्ट्झच्या आसपास कान स्वतःच आवाज फुगवतो. मधला पट्टा त्यातल्या त्यात तटस्थ असतो, आणि माणसाच्या बोलण्याचा बराचसा भागही तिथेच येतो.

संगणकावर एफएफएमपेग असेल तर नॉइज घरीच बनवता येतो.

```
ffmpeg -f lavfi -i "anoisesrc=color=pink:r=48000:d=60:a=0.5" -af "highpass=f=500,highpass=f=500,lowpass=f=2000,lowpass=f=2000" -ac 1 -c:a pcm_s24le noise.wav
ffmpeg -i noise.wav -af volumedetect -f null -
```

दुसऱ्या ओळीने `mean_volume` असा एक आकडा मिळतो. आपल्याला तो उणे २० हवा आहे. समजा `-29.4 dB` आला, तर ९.४ डेसिबल वाढवा. तुमचा आकडा वेगळा असेल, त्याप्रमाणे बदल करा.

```
ffmpeg -i noise.wav -af "volume=9.4dB" -c:a pcm_s24le noise20.wav
```

ही फाइल आता सॉफ्टवेअरमधे आणा. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे मोनो फाइल पूर्ण डावीकडे पॅन केली की काही सॉफ्टवेअरमधे ती मधल्या जागेपेक्षा ३ डेसिबल मोठी होते, काहींत नाही. म्हणून फेडर शून्यावर आहे एवढ्यावर विसंबू नका. मास्टरच्या मीटरवर त्या बाजूला उणे २० दिसतंय ना, ते बघा. दुसरं, काही मीटर आरएमएसमधे ३ डेसिबल मुळातच जास्त दाखवतात. उणे २० पीकचा साधा साइन सूर लावून बघा. मीटरने उणे २३ दाखवलं तर तो सरळ मोजतो, उणे २० दाखवलं तर तो ३ जोडतो. मीटर जोडणारा असेल तर आपला नॉइज त्यावर उणे १७ दिसेल, आणि ते बरोबर आहे.

खोलीतला आवाज मोजायला साधा साउंड लेव्हल मीटर पुरतो, फक्त त्यावर सी वेटिंग आणि स्लो अशा दोन्ही सोयी हव्यात. फोनवरच्या अॅपचा आकडा चार-पाच डेसिबलने चुकू शकतो, कारण फोनचा माइक बोलण्यासाठी असतो आणि काही फोन आवाज आपणहून वरखाली करतात. तरी सुरुवात फोनवर करायला हरकत नाही. नेमका आकडा चुकला तरी डावा-उजवा फरक त्याच मीटरवर बराच बरोबर मिळतो, आणि रोज तीच पातळी परत आणणं हे मुख्य काम तोही करतो. मात्र फोन बदललात की सगळं परत मोजा.

स्पीकरची पातळी

सिनेमाच्या मोठ्या मिक्सिंग थिएटरात पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर ८५ डेसिबलवर लावतात. हा आकडा वाचून बरेच जण घरातही ८५ लावतात, आणि तासाभरात कान बधिर होतात. लहान खोलीत भिंती जवळ असतात, परावर्तन लगेच कानावर येतं, म्हणून तीच पातळी जास्त अंगावर येते. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीसाठीच्या एटीएससी ए/८५ या शिफारशीत खोलीच्या आकारमानाप्रमाणे आकडे दिले आहेत. १५०० घनफुटांपेक्षा लहान खोलीला ७६ डेसिबल. माझी खोली १० बाय ११ फूट आहे, कौलाखाली सरासरी उंची १० फूट धरली तर ११०० घनफूट होतात. तुमचीही तेवढीच असणार. म्हणून ७६ धरा. ७४ वर सुखाने ऐकू येत असेल तर ७४ ठेवा. आकडा कोणता यापेक्षा तो रोज तोच असणं मला महत्त्वाचं वाटतं.

सुरुवातीला पंखा बंद करा आणि खिडक्या लावून घ्या. नॉइज न लावता खोलीची पातळी वाचा. ती ७६ पेक्षा निदान १० डेसिबलने खाली असेल तर मोजमापात अर्ध्या डेसिबलहून कमी फरक पडतो. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर त्या दिवशी हे काम काढूच नका.

मग संगणकाचा सिस्टिम व्हॉल्यूम पूर्ण वर करा. विंडोजवर `Loudness Equalization` सारखी काही सोय चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर जे मोजाल ते खोटं. खोली सुधारणारं किंवा हेडफोन सपाट करणारं प्लगिन वापरत असाल तर ते चालू ठेवूनच मोजा, कारण अशी प्लगिनं एकूण पातळी बरीच खाली आणतात. नंतर कधी ते काढलंत तर ठरवलेली खूण निकामी होते.

आता इंटरफेसचा मॉनिटर नॉब. बहुतेकांचा नॉब आठ-साडेआठच्या काट्यावर असतो, कारण स्पीकरमागचा गेन पूर्ण वर ठेवलेला असतो. स्वस्त नॉबमधे अगदी खालच्या फेऱ्यात डावं-उजवं सारखं नसतं. बुवा मधे असूनही किंचित डावीकडे सरकतात ते बरेचदा यामुळे. म्हणून नॉब आधी दोनच्या काट्यावर न्या आणि स्पीकरमागचे दोन्ही गेन पूर्ण खाली करा. मीटर बसल्यावर जिथे तुमचं डोकं येतं तिथे, कानाच्या उंचीवर, माइक वर छताकडे करून ठेवा. तिवई नसेल तर खुर्चीच्या पाठीला काठी बांधा, पण स्वतः बाजूला व्हा. अंग मधे आलं की दीड-दोन डेसिबल इकडेतिकडे होतात. नॉइज फक्त डाव्या स्पीकरमधून लावा आणि मागचा गेन हळूहळू चढवत ७६ आणा. अर्धा मिनिट काटा बघा, मनात सरासरी धरा. मग उजवा. दोघांत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक ठेवू नका.

शेवटी तोच नॉइज दोन्हीतून एकदम लावा. आकडा ७९ ते ८२ च्या मधे कुठेतरी यायला हवा. एकट्याएवढाच राहिला किंवा खाली गेला, तर एका स्पीकरच्या वायरीत प्लस-मायनस उलटं झालंय का ते बघा.

दोनच्या काट्यावर खूण करा. चिकटपट्टी इथल्या दमट हवेत महिन्याभरात सुटते. घरातलं नेलपॉलिश उत्तम.

ही खूण कोणत्या मिक्ससाठी आहे तेही लिहून ठेवा. भजनाचं मिक्स मी उणे १८ एलयूएफएसच्या आसपास ठेवून करतो, आणि या खुणेवर ते बसून ऐकायला भरपूर होतं. तेच मिक्स मास्टर करून उणे १२ वर नेलं तर त्याच खुणेवर ते ६ डेसिबल मोठं वाजणार, आणि मोठं म्हणजे चांगलं असं कान लगेच ठरवून मोकळा होतो. म्हणून नॉबवर दुसरी खूण ६ डेसिबल खाली करा, नॉइज लावून मीटरवर ७० येईल तिथे. तयार गाणी आणि तुलनेला घेतलेली गाणी त्या खुणेवर ऐकायची.

हेडफोन जुळवणं

हेडफोन मीटरला लावून ७६ आणलं की झालं, असं वाटेल. तसं होत नाही. मीटर मोकळ्या हवेतला दाब मोजतो. हेडफोन बंद पोकळीत, थेट कानावर दाब देतो, आणि कानाच्या पडद्यापाशी पोचणारी पातळी प्रत्येक कानात वेगळी असते. इथे कानच मीटर आहे. मात्र कानाला एकदाच विचारून चालत नाही, पुन्हापुन्हा विचारावं लागतं.

माझी रीत सांगतो. तुमच्या इंटरफेसवर हेडफोनचा नॉब वेगळा असेल असं धरतो. तो मला हवा त्याहून थोडा जास्त वर ठेवतो, समजा बाराच्या काट्यावर. हेडफोन डोक्यावर चढवण्याआधी नॉइज चालू करून हातात धरून ऐका, अंदाज घ्या, मगच घाला. रीपरमधे `Monitoring FX` मधे एक साधं गेन प्लगिन टाकतो. ते मास्टरवर टाकू नका, रेंडरमधे जाईल. नॉइज दोन्ही बाजूंना, मधोमध. स्पीकर खुणेवर, प्लगिन शून्यावर, दहा सेकंद ऐकायचं. स्पीकर बंद. लगेच हेडफोन घालायचा आणि प्लगिनचा गेन हलवत "हाच तो मोठेपणा" म्हणेपर्यंत न्यायचा. पुन्हा हेडफोन काढून, प्लगिन शून्यावर आणून स्पीकर. असं सहा वेळा. युक्ती एवढीच की तीनदा सुरुवात मुद्दाम फार मोठ्यापासून करायची, तीनदा फार हळूपासून. कान ज्या बाजूने येतो त्या बाजूला थोडा आधी थांबतो, म्हणून दोन्ही बाजूंनी यायला हवं. शक्यतो आकड्याकडे न बघता करा. माझ्याकडे पुतण्या आकडे लिहितो.

गेल्या खेपेचे माझे सहा आकडे असे होते : उणे ७, उणे ९, उणे ६.५, उणे ८, उणे ८.५, उणे ७. सरासरी उणे ७.७. म्हणजे हेडफोनचा नॉब त्या जागी स्पीकरपेक्षा ७.७ डेसिबल मोठा होता. सहा आकड्यांत अडीच डेसिबलची पसरण आहे, आणि माझ्या अनुभवात याहून बारीक जमत नाही. तुमची पसरण ५-६ डेसिबल आली तर कान थकलाय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी करा.

आता हे ७.७ नॉबवर उतरवायचे कसे, कारण नॉबवर डेसिबल लिहिलेले नसतात? जाड पुठ्ठ्याला मीटरच्या माइकएवढं भोक पाडा, माइक त्यातून आत घाला आणि हेडफोनचा एक कप पुठ्ठ्यावर घट्ट बसवा. नॉइज लावा. माझ्याकडे ८१.५ आले. हा आकडा कानातला खरा आकडा नव्हे, पण फरक मोजायला तो पक्का आहे. नॉब हळूहळू खाली आणत ७३.८ केले. तिथे नेलपॉलिशची खूण. प्लगिन काढून टाकलं आणि स्पीकर-हेडफोन आणखी दोनदा बदलून पाहिले. "पुठ्ठा ७३.८" एवढं भिंतीवर लिहून ठेवलंय. पुढे कधी शंका आली की सहा वेळा कान लावायची गरज नाही. पुठ्ठ्यावर कप ठेवून आकडा बघायचा.

शेवटची खातरजमा बोलण्यावर करतो. नॉइज जुळला तरी मनाला पटत नसतं. घरातल्या कुणाचं तरी साधं बोलणं, बिनगाण्याचं, मोनोत रेकॉर्ड करून ठेवा. ते स्पीकरवर आणि हेडफोनवर आळीपाळीने ऐका. समोरचा माणूस केवढ्या आवाजात बोलतोय हे आपण जन्मभर ऐकत आलोय, त्यामुळे दोन डेसिबलची गडबडही लगेच जाणवते. हेडफोनवर तोच आवाज डोक्यात आल्यासारखा वाटेल, जागा बदलेल, तिकडे लक्ष देऊ नका. मोठेपणा तेवढाच आहे का, एवढंच बघा.

जुळलं की नाही, हे मिक्सवर तपासणं

एका भजनी मंडळाचा गजर माझ्याकडे होता. बुवांचा आवाज, पेटी, पखवाज, झांज आणि कोरस. खुणा करायच्या आधी मी एक प्रयोग करून ठेवला होता. दिवसा स्पीकरवर, नेहमीच्या अंदाजाने, सगळे फेडर खाली करून शून्यापासून बॅलन्स लावला. बुवा शून्यावर धरून बाकीचे. पखवाज उणे ४ वर आला, झांज उणे ९ वर. आकडे कागदावर लिहिले. रात्री फेडर पुन्हा खाली करून तेच हेडफोनवर. पखवाज उणे अर्ध्यावर, झांज उणे १२ वर. पखवाजात साडेतीन डेसिबलचा फरक. साडेतीन डेसिबल म्हणजे "काय रे, पखवाज खंय गेलो?" आणि "पखवाज जरा आवर" या दोन बोलण्यांमधलं अंतर.

खुणा केल्यावर आठवड्याने हेच पुन्हा केलं. स्पीकरवर पखवाज उणे ३.५, हेडफोनवर उणे २.५. एका डेसिबलवर आलं. झांज मात्र स्पीकरवर उणे ९ आणि हेडफोनवर उणे १२, जशीच्या तशी.

यावरूनच मी सुरुवातीला म्हटलं की झांजेचं दुखणं पातळीचं नाही. मी झांज उजवीकडे बरीच बाहेर पॅन केली होती. स्पीकरवर उजवीकडचा आवाज थोडा उशिरा का होईना, डाव्या कानालाही मिळतो, खोलीत मिसळतो, बोथट होतो. हेडफोनवर तो एकाच कानात, सुकाच्या सुका, कानापासून अर्ध्या बोटावर वाजतो. शिवाय क्लोज्ड हेडफोन अनेकदा झांजेच्या पट्ट्यात थोडे तिखट असतात. यावर नॉब फिरवून काही होत नाही. मी झांज थोडी आत घेतली, पूर्ण उजवीकडून अर्ध्यावर, आणि फेडर उणे १० वर ठेवला. दोन्हीकडे चाललं. रिव्हर्बचंही असंच आहे. खोली स्वतःचा थोडा रिव्हर्ब घालते म्हणून स्पीकरवर तो कमी वाटतो, हेडफोनवर भरपूर. रिव्हर्बचं प्रमाण मी स्पीकरवर ठरवतो, त्याची शेपटी कुठे तुटते ते हेडफोनवर ऐकतो.

पखवाजात उरलेल्या एका डेसिबलमागे लागू नका. त्यात खोलीचा वाटा आहे. १० आणि ११ फुटांच्या समोरासमोरच्या चिऱ्याच्या भिंतींमुळे साधारण ५६ आणि ५१ हर्ट्झला खोली घुमते. दोन्ही आकडे इतके जवळ की तिथे एक ढिगाराच होतो. खुर्ची फूटभर पुढेमागे सरकवली की धुम्याचा खालचा भाग बदललेला ऐकू येईल. हेडफोनला ही खोलीच नाही. अगदी खालच्या सुरांबाबत दोघांचं पटलं नाही तर मी हेडफोनवर जास्त विश्वास ठेवतो, पण पखवाज आणि बुवा यांच्यातला तोल स्पीकरवरच ठरवतो.

तुम्हीही हे दोन कागद करून बघा. दोन्हीकडे कोणत्या वाद्याचा फरक खुणा केल्यावर मिटला आणि कोणाचा राहिला, यावरून पातळीचं काय आणि पॅनचं किंवा खोलीचं काय, ते वेगळं होतं.

खुणा कशाने हलतात

पाऊस हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा शत्रू. पत्र्यावर किंवा कौलावर सर लागली की बारीक गोष्टी झाकल्या जातात आणि हात आपोआप नॉबकडे जातो. दोन डेसिबल, मग अजून दोन. क्लोज्ड हेडफोनही पावसाची खालची घरघर पूर्ण अडवत नाही. माझा नियम असा की सर लागली की बॅलन्सला हात लावायचा नाही. तेव्हा कटिंग, श्वास काढणं, फाइलींची नावं असली कामं करायची. एका नमन मंडळाचं काम मी भर श्रावणात, नॉब चढवत चढवत पूर्ण केलं होतं. पाऊस थांबल्यावर ऐकलं तर रिव्हर्बमधे सगळं बुडालं होतं. पावसात रिव्हर्बची शेपटी ऐकू येत नव्हती, म्हणून मी तो वाढवत गेलो होतो. ते परत करून द्यावं लागलं.

दुसरं म्हणजे इथली दमट, खारी हवा. हेडफोनच्या गाद्यांचं वरचं कातडं दोन पावसाळ्यांत सोलायला लागतं. गादी कानाभोवती नीट बसली नाही की खालचे सूर गळतात, आणि तुम्ही पुन्हा पखवाज वर करायला लागता. चष्म्याची काडी मधे आली तरी तेच. चष्मा लावून काम करत असाल तर जुळवताना चष्मा लावूनच जुळवा. गाद्या बदलल्या की सहा आकड्यांचं काम पुन्हा करा. पुठ्ठ्यावरचा जुना आकडा नव्या गाद्यांना लागू नाही. नॉबही गंजतात. फिरवताना खरखर आली, किंवा एक बाजू मधेच बुडाली, तर नॉब टोकापासून टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा आणि डावा-उजवा परत मोजा.

लाईट गेली की स्पीकर बंद पडतात आणि लॅपटॉप-इंटरफेस चालू राहतो, हे आपल्याकडे आठवड्यातून कितीदा होतं ते तुम्हाला माहीत आहे. खुणा केल्यापासून मी अशा वेळी थांबत नाही. हेडफोन घालतो, नॉब खुणेवर आहे ना बघतो आणि तिथूनच पुढे चालू करतो. फक्त लाईट आल्यावर स्पीकर चालू करण्याआधी मॉनिटरचा नॉब खाली करायला विसरू नका, आणि नंतर तो नेलपॉलिशवर परत आणायलाही.